पंगतीतला टोमणा, गावकीची वाळी आणि तळ्याचं शुद्धीकरण : समाजाच्या शिक्षेच्या तीन पायऱ्या

कोणता नियम किती कडक आहे, हे लोकांच्या बोलण्यावरून कळत नाही. पान वाढून झाल्याआधी कुणी घास घेतला तरी आजी म्हणते, "पाप लागेल हो." आणि जी गोष्ट खरोखर कुणी करूच धजत नाही, तिच्याबद्दल घरात वर्षानुवर्षं अवाक्षर निघत नाही. म्हणून समाजशास्त्र वेगळा प्रश्न विचारतं : नियम मोडणाऱ्याचं पुढे काय होतं? त्याला काय भोगावं लागतं, आणि त्यातून सुटका कशाने होते?

या उत्तरावरून नियमांच्या तीन पायऱ्या मानतात. सर्वांत खालची लोकरीत, मधली लोकनीती आणि सर्वांत वरची निषिद्ध. पहिल्या दोन कल्पना रूढ केल्या अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम ग्रॅहम समनर यांनी, १९०६ साली. लोक रोजच्या गरजा भागवताना जे करत राहतात त्याच्या सवयी बनतात, या सवयी म्हणजे लोकरीती. त्यांतल्याच काही रीतींना "ही पाळली नाही तर समाजाचं वाटोळं होईल" असा समज चिकटला की ती लोकनीती, असं त्यांचं म्हणणं. निषिद्धाचा वेगळा मजला समनर यांनी बांधला नव्हता. लोकनीतीचा बराच भाग 'हे करायचं नाही' अशा मनाईचाच असतो, असं ते मानत. तिसरी पायरी पुढच्या पाठ्यपुस्तकांनी वेगळी काढली, कारण काही मनाया इतरांहून फारच खोल गेलेल्या दिसतात. हा तपशील मी मुद्दाम सांगतोय. या तीन पेट्या नाहीत. एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत, आणि नियम त्यावरून चढतो, उतरतोही.

आता हे कोकणात पाहू. जेवण आणि कपडे या दोनच गोष्टी घेऊ, कारण शिक्षा तिथे लवकर नजरेला पडते.

मालवण-कुडाळकडच्या एखाद्या वाडीत पूजा आहे, मांडवात पंगत बसली आहे. केळीच्या पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे काळ्या वाटाण्याची उसळ, अळूचं फदफदं, भाजी. मध्ये भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप. तूप वाढून होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. "पार्वतीपते हर हर महादेव" झालं की सुरुवात. सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नाही, पानात टाकायचं नाही, डाव्या हाताने खायचं नाही.

मुंबईहून आलेला एक तरुण या पंगतीत अर्ध्या चड्डीवर बसतो, मोबाइल पाहत दोन घास आधीच खातो, आणि शेजारच्याच्या पानात ताक पडायच्या आत उठतो. काय होतं? वाढपी क्षणभर थबकतो. बायका एकमेकींकडे बघतात. काका हसत म्हणतात, "काय रे, मुंबयत जावन रीत इसारलंस काय?" आई रात्री चार शब्द सुनावते. आणि विषय संपतो. दुसऱ्या दिवशी भजनाला त्यालाच झांजा देतात, संध्याकाळी क्रिकेटला बोलावतात.

ही लोकरीत. शिक्षा म्हणजे नजर, हसू, टोमणा. ती देणारा कुणी ठरलेला नसतो, जो जवळ बसला असेल तो देतो. ती जागच्या जागी संपते, घरच्यांवर फारशी जात नाही, आणि सुटकेला "चुकलं हां" एवढं पुरतं. चड्डीबद्दल तर शब्दाचीही गरज नसते, कुणीतरी आतून लुंगी आणून देतं. काही देवळांच्या दारातही अंग झाकायला उपरणं किंवा लुंगी देतात. मागे पाटी कितीही करड्या अक्षरांत लिहिलेली असो, चूक एका कापडाने भरून निघत असेल तर तो नियम पहिल्या पायरीच्या आसपासचाच.

इथे एक गफलत नेहमी होते. एखादे आजोबा फार तापट असतात, ताट सोडून उठलेल्या नातवाला ते घराबाहेर काढायची भाषा करतात. तेवढ्यावरून नियम कडक ठरत नाही. पाहायचं ते बाकीचे काय करतात ते. बाकीचे आजोबांनाच शांत करत असतील, तर शिक्षा आजोबांची आहे, समाजाची नाही.

दुसऱ्या पायरीसाठी दापोली तालुक्यातल्या मुरुडला जाऊ. एकोणिसाव्या शतकात कोकणातल्या ब्राह्मण घरांत विधवेच्या अंगावर नियम अक्षरशः दिसत असे. केशवपन केलेलं डोकं, त्यावरून घेतलेला तांबड्या आलवणाचा पदर, हातात बांगडी नाही, कपाळाला कुंकू नाही. जेवणातही तेच : दिवसातून एकदा जेवायचं, मंगलकार्याच्या पंगतीत पुढे यायचं नाही. ज्या बाईच्या वाट्याला हे आलं तिने ते मोडलं तर टोमण्यावर भागत नसे. हा नियम कुळाच्या अब्रूशी, धर्माशी आणि गावाच्या भल्याशी बांधलेला मानला जाई. समनर यांनी लोकनीतीची खूण म्हणून सांगितलेला समज तो हाच.

मुरुडचे धोंडो केशव कर्वे पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. पहिली पत्नी वारल्यावर १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. लग्न पुण्यात झालं, तरी शिक्षा मुरुडला बसली. गावाने कर्व्यांवर बहिष्कार घातला, आणि त्यांना घरात थारा दिला तर घरच्यांनाही बाहेर टाकू अशी तंबी दिली.

या एका प्रसंगात दुसऱ्या पायरीच्या सगळ्या खुणा सापडतात. शिक्षा जवळच्या माणसाच्या स्वभावावर सोडलेली नाही. गाव जमून ती ठरवतं. ती तेवढ्यापुरती नसते, काही वर्षं चालते. तिचा मुख्य मार्ग पंगत हाच असतो : ह्याच्याबरोबर बसायचं नाही, ह्याच्या घरचं पाणी घ्यायचं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ती नातेवाइकांवर जाते. आपल्या समाजात माणसाला वाकवायचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत क्रूर उपाय आहे, असं मला वाटतं. स्वतःचं उपाशी राहणं माणूस सोसतो, पण आपल्यामुळे आईच्या दारात कुणी फिरकेनासं झालं की तो ढासळतो. कर्वे ढासळले नाहीत. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं.

हे सगळं जुनं झालं असं समजू नये. गावकीने कुटुंबाला वाळीत टाकल्याच्या तक्रारी कोकणातून, विशेषतः रायगड जिल्ह्यातून, अलीकडेपर्यंत आल्या आहेत. पद्धत ओळखीचीच असते : वाण्याने सामान द्यायचं नाही, लग्नाला बोलवायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही, शिमग्याची पालखी त्या दारात न्यायची नाही, आणि जो बोलेल त्यालाही दंड. दंड ही दुसऱ्या पायरीची मोठी खूण आहे. दंड आहे याचा अर्थ परतीची वाट आहे. चार माणसांत नारळ ठेवून माफी मागितली, गावकीने ठरवलेली रक्कम भरली, कधी गावजेवण घातलं, की घर पुन्हा आत. वाट महाग आणि मानहानीची असते, पण असते.

या शिक्षेलाच गुन्हा ठरवणारा कायदा महाराष्ट्राने २०१६ साली केला, तो २०१७ पासून लागू आहे. सामाजिक बहिष्कार घालणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. विशिष्ट प्रकारचे कपडे घालायची सक्ती करणं हेही बहिष्काराच्या प्रकारांत धरलेलं आहे. म्हणजे शिक्षा आणि कायदा नेहमी एका बाजूला असतात असं नाही. चोरीच्या बाबतीत लोकनीती आणि कायदा हातात हात घालून चालतात. वाळीत टाकण्याच्या बाबतीत कायदा लोकनीतीच्या आड उभा आहे.

तिसरी पायरी ओळखायला थोडं वेगळं पाहावं लागतं. तिथे शिक्षेची बैठक भरवावी लागत नाही, कारण बहुतेक वेळा नियम मोडायचा विचारच मनात येत नाही. कोकणातल्या अनेक कुळांना देवक असतं : कळंब, वड, उंबर असं एखादं झाड किंवा दुसरं काही. ते तोडायचं नाही, जाळायचं नाही, काही कुळांत त्याच्या पानावर जेवायचंही नाही. असं जेवलेल्याला गावकी दंड करते का, हा प्रश्नच गैरलागू आहे. ज्याचं ते देवक आहे त्याच्या हाताला आधी कापरं भरेल. काही वाईट घडलं तर कारण त्याला स्वतःलाच दिसेल. शिक्षा देणारा इथे बाहेर नसतो, तो आत बसलेला असतो.

मांसाच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट होतं. कोकणातल्या बऱ्याच हिंदू घरांत गोमांस आणि कोकणी मुसलमान घरांत डुकराचं मांस ही नुसती 'खात नाही' या यादीतली गोष्ट नाही. चुकून पोटात गेलं असं कळलं तर माणसाला ओकारी येते. तोंडल्याची भाजी न आवडणाऱ्याला अशी ओकारी येत नाही. किळस ही तिसऱ्या पायरीची अंगावर उमटणारी खूण आहे. दुसरी खूण अशी की दोष पसरतो. भांडं बाटतं, चूल बाटते, जागा बाटते. दंड भरून ते निघत नाही, कारण दंड माणसाला होतो आणि इथे तर वस्तूच बिघडलेली मानतात. म्हणून परतीची वाट असलीच तर ती शुद्धीची असते.

हे नुसत्या व्याख्येतून नीट कळत नाही. महाडला काय घडलं ते पाहिलं की कळतं.

महाडचं चवदार तळं सार्वजनिक होतं. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला, त्यानुसार सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठरावही केला. म्हणजे कागदावर मनाई उरलीच नव्हती. तरी कुणी अस्पृश्य तळ्यावर जात नव्हता. गुरं त्या तळ्यात पाणी पीत, अन्य धर्माचे लोक भरून नेत, महाराला मात्र मनाई. लेखी नियम उठूनही हात पाण्यापर्यंत जात नाही, यावरूनच ही कोणत्या पायरीची मनाई होती ते कळतं.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर काय काय झालं ते क्रमाने पाहा. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा गावात उठली. जमाव परिषदेच्या मांडवावर चालून गेला. तिथे लोक जेवत होते. त्यांना मारहाण झाली, शिजवलेलं अन्न मातीत मिसळलं गेलं. हल्ला नेमका जेवणावर व्हावा, हे मला नुसता योगायोग वाटत नाही. पाण्याला स्पर्श झाल्याचा सूड अन्नावर घेतला गेला.

पुढे तळ्याची शुद्धी झाली. दूध, दही, शेण, गोमूत्र यांचे १०८ घडे मंत्र म्हणत तळ्यात ओतले आणि पाणी पुन्हा पिण्याजोगं झालं असं जाहीर केलं. इथे पायऱ्यांमधला फरक डोळ्यांसमोर उभा राहतो. पंगतीत आधी घास घेणाऱ्याला टोमणा मिळाला, पान बाटलं नाही. मुरुडच्या कर्व्यांना बहिष्कार सोसावा लागला, पण त्यांनी ओलांडलेली वाट धुवावी लागली नाही. महाडला मार माणसांना पडला आणि वर तळंही धुतलं गेलं. मार खाल्लेल्यांना कुणी माफी मागायला सांगितलं नाही, कारण माफीने मिटणारी गोष्ट ती मानलीच गेली नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला. एका ओंजळीला कायद्याची मान्यता मिळायला दहा वर्षं लागली.

महाडचीच दुसरी गोष्ट कपड्यांची आहे आणि तिच्यामुळे हा जिना किती हलता आहे ते समजतं. लुगडं गुडघ्यापर्यंत नेसावं की घोट्यापर्यंत, हा वरवर पाहता निव्वळ लोकरीतीचा प्रश्न. कोळणीचं लुगडं शेतात राबणाऱ्या बाईच्या लुगड्यापेक्षा वेगळं, आणि दोघींना त्यावरून कुणी मारत नाही. पण महार बाईने कसं नेसावं, कोणते दागिने घालावेत, हे तिच्या आवडीवर सोडलेलं नव्हतं. तिचं नेसणं ही तिची जात दुरून ओळखू यावी म्हणूनची खूण होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली. लुगडं इतर बायकांसारखं पूर्ण नेसा, गळ्यातली जाड गळसरी आणि कोपरापर्यंतची गोटं-पाटल्या सोडा, आणि मेलेल्या जनावराचं मांस घरात शिजवू नका, असं त्यांनी सांगितलं. कपडा आणि जेवण एकाच भाषणात आलं. बऱ्याच बायकांनी तिथेच लुगडं नेसायची तऱ्हा बदलली.

एकच वागणं एकीसाठी पहिल्या पायरीवर आणि दुसरीसाठी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर असू शकतं. म्हणून नुसती कृती पाहून पायरी सांगता येत नाही. कुणी केलं, कुणासमोर केलं, हे विचारावंच लागतं. मांडवात अर्ध्या चड्डीत बसलेल्या मुलाला लुंगी मिळते. त्याच मांडवात नवी सून गुडघ्यापर्यंतच्या कपड्यात आली तर तिच्या माहेरापर्यंत फोन जातो. शिक्षा माहेरी पोचली, म्हणजे नियम तिच्यापुरता दुसऱ्या पायरीकडे सरकला.

आणि शिक्षा मोजून नियमाची ताकद कळते, त्याचा बरेवाईटपणा नाही. लोकनीती कोणत्याही गोष्टीला योग्य ठरवू शकते, असं समनर यांचंही मत होतं. महाडचं तळं शुद्ध करणारे लोक मनापासून समजत होते की आपण गावाचं भलं करतोय. ती समजूत खरी होती म्हणून ते कृत्य कमी अन्यायाचं होत नाही.

आता रोजच्यातला एक अवघड नमुना : श्रावणातली मासळी. श्रावणात मासे खाणं कोणत्या पायरीवर? घर पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही. दक्षिण कोकणातल्या मासे खाणाऱ्या सारस्वत घरांत एरवीही सोमवार पाळतात आणि श्रावण तर पाळतातच. तिथे मुलाने बाहेर सुरमई खाल्ल्याचं कळलं तर आई रागावते, पण ताट वेगळं काढत नाही. मनाई काळाची आहे, माशाची नाही, म्हणून किळस येत नाही. महिना सरला की तोच मासा त्याच स्वयंपाकघरात शिजतो. ही पहिली पायरी, किंवा धार्मिक घरात पहिली आणि दुसरी यांच्या मधली. जिथे बारा महिने मासळी वर्ज्य आहे अशा घरात मात्र तोच तुकडा पानात पडला तर भांडं घासूनही मन मानत नाही.

भाद्रपदात गौरी येतात तेव्हा एकाच वाडीत हे शेजारी शेजारी दिसतं. एका घरात गौरीला पुरणपोळीचा नैवेद्य आणि त्या दिवशी अंडंही उंबऱ्याच्या आत येणार नाही. पलीकडच्या घरात गौरीला वडे आणि मटणाचा तिखटा नैवेद्य, आणि तो दाखवला नाही तर तिथे चूक मानतात. दोन्ही घरं एकमेकांना हळदीकुंकवाला बोलावतात. पहिल्या घरातली बाई दुसरीकडे जाऊन हळदीकुंकू घेते, ओटी घेते, जेवायला मात्र थांबत नाही. आणि दुसरीही तिला आग्रह करत नाही.